जीवनसत्त्वांच्या बाटलीची पारख : फोटोतून काय कळते, काय कळत नाही

जोयडा तालुक्यातील कुंभारवाडा, कॅसलरॉक किंवा अनमोडच्या परिसरातील वाड्यांवर जीवनसत्त्वांची बाटली बहुधा बाहेरूनच येते. गोव्यात नोकरीला असलेला मुलगा ती घरी पाठवतो, नाहीतर ऑनलाइन मागवलेले पार्सल रामनगरपर्यंत पोहोचते. बाटलीविषयी शंका आली, तर ओळखीच्या औषधविक्रेत्याला मोबाईलवरून फोटो पाठवणे हाच सर्वांत जवळचा मार्ग असतो. हे फोटो उपयोगी पडतात. मात्र त्यांची मर्यादा आधीच ध्यानात घ्यावी. फोटोवरून बाटली बनावट असल्याचा संशय पक्का होऊ शकतो. ती अस्सल असल्याचे त्यावरून सिद्ध होत नाही.

अशी शंका अनाठायी नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने ऑगस्ट 2024 च्या यादीत कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या 'शेलकॅल 500' या गोळ्यांचा एक नमुना अप्रमाणित ठरवला, तेव्हा तो नमुना आपला नसून बनावट असल्याचे टोरेंट कंपनीने कळवले. अमेरिकेत 2023 साली 'नाऊ' या कंपनीच्या नावाने ऑनलाइन विकल्या गेलेल्या बनावट बाटल्यांतील कॅप्सूलमध्ये मुख्यतः तांदळाचे पीठ आढळले होते.

पहिला फोटो झाकण उघडल्यावर, पण आतले सील फाडण्यापूर्वी घ्यावा. बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांचे फॉइलचे सील विद्युतचुंबकीय उष्णतेने तोंडाच्या कडेवर वितळवून बसवलेले असते. त्यामुळे ते सर्व बाजूंनी सारखे चिकटते आणि काढल्यावर कडेवर एकसंध वर्तुळाकार खूण उरते. डिंकाचे ठिपके, सुरकुत्या किंवा एका बाजूने उचललेली कड दिसल्यास संशय घ्यावा. फोटो फ्लॅशने न घेता खिडकीच्या तिरप्या उजेडात घ्यावा. फ्लॅशमुळे फॉइल चकाकते आणि नेमका दोष झाकला जातो. सील धड असले, तरी निश्चिंत होऊ नये, कारण सील बसवण्याचे यंत्र बनावट माल करणाऱ्यालाही मिळते.

दुसरा फोटो लेबलचा. बाटली गोल असल्याने एका फोटोत लेबल मावत नाही; ती थोडी थोडी फिरवत तीन-चार फोटो घ्यावेत. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनावर 'हेल्थ सप्लिमेंट' व 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची सूचना आणि एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक असावा लागतो. हा क्रमांक एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर घालून परवान्यावरील नाव लेबलशी जुळते का, हे पाहता येते. आयात मालावर आयातदाराचे नाव व पत्ता हवा. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर मात्र औषध निर्मितीचा परवाना क्रमांक असतो. शिवाय ठराविक 300 औषधांवर ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोड बंधनकारक आहे.

तिसरा फोटो बॅच व तारखांचा. हा मजकूर लेबल छापल्यानंतर वेगळ्या यंत्राने उमटवला जातो. म्हणून त्याचे अक्षर वेगळे किंवा किंचित तिरके दिसणे हा दोष नव्हे. पाहायचे ते खाडाखोड, वरून लावलेली चिठ्ठी आणि खोका व बाटली यांतील तफावत. समजा, 60 गोळ्यांच्या बाटलीच्या खोक्यावर आणि बाटलीवर बॅच एकच आहे. पण खोक्यावर मुदत मार्च 2027 आणि बाटलीवर मार्च 2028 अशी आहे. एका बॅचला मुदत एकच असते. अशा वेळी सील व लेबल कितीही नीट दिसले, तरी ती गोळी घेऊ नये.

चौथा फोटो गोळीचा. पांढऱ्या कागदावर ती नाण्याशेजारी ठेवून दोन्ही बाजू टिपाव्यात. गोळीवर ठसा नसेल, तर केवळ तेवढ्यावरून ती बनावट ठरत नाही, कारण अनेक पूरक गोळ्यांवर ठसा नसतोच. त्याच उत्पादनाच्या जुन्या बाटलीतील गोळीशी तुलना केली, तरच या फोटोला अर्थ येतो. तरीही कंपनीने आकार किंवा रंग बदलला असण्याची शक्यता उरते. तो निर्वाळा कंपनीच देऊ शकते.

गोळीत काय आहे, हे मात्र प्रयोगशाळाच सांगते. औषध असल्यास 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे कलम 26 आणि अन्नपूरक असल्यास 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याचे कलम 40 यांनुसार खरेदीदार स्वतः शुल्क भरून नमुना तपासून घेऊ शकतो. बाटली गोव्यात घेतली असेल, तर दोन्ही प्रकारांत राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. त्यासाठी उरलेल्या गोळ्या, फाडलेले सील, खोका आणि बिल जपून ठेवावे.