प्रवेश परीक्षेच्या दिवशीच पेपर आला तर

विद्यापीठाचा पेपर आणि प्रवेश परीक्षा एकाच दिवशी येण्याचे प्रसंग अलीकडे वाढले आहेत. पूर्वी प्रवेश परीक्षा बहुतेक एका दिवसात उरकायची आणि तो दिवस बहुधा रविवार असायचा. नीट आजही रविवारीच होते, केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा पूर्वपरीक्षाही रविवारी असते आणि विद्यापीठे सहसा रविवारी पेपर ठेवत नाहीत. त्यामुळे तेथे अडचण क्वचितच येते. ती येते संगणकावर घेतल्या जाणाऱ्या, अनेक दिवस आणि दिवसाला एकाहून अधिक सत्रे अशा पद्धतीने चालणाऱ्या परीक्षांमध्ये. पदव्युत्तर प्रवेशाची सीयूईटी, यूजीसी-नेट, राज्याच्या सीईटी कक्षाची एमबीए सीईटी या सगळ्या अशाच आहेत. त्या आठवड्याच्या मधल्या दिवसांवर पसरतात आणि पदवीच्या शेवटच्या सत्राचे पेपरही नेमके मार्च-एप्रिलमध्येच असतात.

या पद्धतीत एक खाचखळगा आहे. परीक्षा तीन दिवस चालणार हे काही महिने आधी कळते, पण एखाद्या विद्यार्थ्याचा नंबर त्यातल्या कोणत्या दिवशी, कोणत्या सत्रात आणि कोणत्या केंद्रावर लागला हे प्रवेशपत्र हाती आल्यावरच कळते. ते येते परीक्षेच्या थोडे दिवस आधी. म्हणजे ज्या वेळी विद्यापीठाला तारीख बदलणे सोपे असते तेव्हा विद्यार्थ्याकडे पुरावा नसतो, आणि पुरावा येतो तेव्हा विद्यापीठाची तयारी पूर्ण झालेली असते. निवेदन करणाऱ्याची खरी अडचण ही आहे. ती ओळखून केलेले निवेदन आणि नुसती ‘पेपर पुढे ढकला’ ही मागणी यांत फार अंतर पडते.

विद्यापीठाच्या बाजूने पाहिले तर एक पेपर हलवणे म्हणजे वेळापत्रकातली एक ओळ बदलणे नव्हे. मुंबई किंवा पुण्याच्या विद्यापीठाशी शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत. एकाच विषयाचा पेपर त्या सर्व केंद्रांवर एकाच वेळी सुरू व्हावा लागतो. त्या दिवसाचे वर्ग, पर्यवेक्षक आणि बाकांची मांडणी आधीच ठरलेली असते. शिवाय नियमित विद्यार्थ्यांच्या पेपरांमध्ये जे मोकळे दिवस दिसतात ते खरे मोकळे नसतात. तेथे मागच्या सत्रात विषय राहिलेल्या, म्हणजे एटीकेटीच्या, विद्यार्थ्यांचे पेपर बसवलेले असतात. घाईने हलवलेला पेपर त्यांच्यावर आदळतो आणि शंभर जणांची अडचण दूर करताना दुसऱ्या शंभर जणांची सुरू होते. निकालाचे बंधनही आहेच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत, निकाल लागला पाहिजे. शेवटचा पेपर जितका पुढे जाईल तितका निकाल पुढे जातो, आणि ज्या विद्यार्थ्यांना पुढच्या प्रवेशासाठी गुणपत्रक हवे आहे त्यांनाच त्याची झळ बसते.

म्हणून निवेदन कोणाकडे आणि कशासाठी करायचे हे आधी ठरवावे लागते. सार्वजनिक विद्यापीठात वेळापत्रक परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या अखत्यारीत येते आणि त्या मंडळाचे संचालक परीक्षा विभागाचा कारभार पाहतात. निवेदन त्यांच्या नावाने, पण प्राचार्यांमार्फत जावे. विद्यार्थ्याने थेट पाठवलेला ईमेल शेकडो ईमेलांत हरवतो. महाविद्यालयाच्या जावक क्रमांकासह, प्राचार्यांच्या सहीने अग्रेषित झालेले पत्र फाइलवर चढते आणि त्याला आवक क्रमांक मिळतो. हा क्रमांक टिपून ठेवावा, कारण पुढची प्रत्येक विचारणा त्यावरच होते. मात्र महाविद्यालय स्वायत्त असेल तर विद्यापीठाकडे जाण्यात अर्थ नाही, तेथे महाविद्यालयाचा परीक्षा नियंत्रकच निर्णय घेतो. अनेक ठिकाणी सुरुवातीच्या वर्षांच्या परीक्षाही महाविद्यालयेच घेतात. चुकीच्या दारात गेलेल्या अर्जाचे आठ-दहा दिवस सहज वाया जातात, आणि या कामात तेवढ्यावरच सगळे अवलंबून असते.

एक प्रसंग तपशिलात पाहण्यासारखा आहे. २०२५ मध्ये राज्याची एमबीए सीईटी १, २ आणि ३ एप्रिलला, म्हणजे मंगळवार ते गुरुवार, होती. समजा एका विद्यापीठाने तृतीय वर्ष बी.कॉम.च्या सहाव्या सत्राचे पेपर २७ व २९ मार्च आणि २, ४, ७ व ९ एप्रिलला सकाळी साडेदहा ते एक या वेळात ठेवले. सीईटीचा अर्ज भरलेल्या प्रत्येकाचा २ एप्रिलचा पेपर धोक्यात आला का? तसे नाही. ज्यांचा नंबर १ किंवा ३ तारखेला लागेल त्यांना काहीच अडचण नाही. २ तारखेला सकाळच्या सत्रात नंबर लागला तर टक्कर उघड आहे. दुपारच्या सत्राचे काय, हा मात्र विचार करण्याचा प्रश्न आहे. सीईटी दुपारी दोनला सुरू होणार, पण केंद्रावर हजर राहण्याची वेळ त्याच्या बरीच आधीची. पेपर एक वाजता दादरला संपला आणि सीईटीचे केंद्र पनवेलला असले तर घड्याळात दोन्ही परीक्षा वेगळ्या दिसतात, पण एकाच माणसाला दोन्ही देता येत नाहीत. अर्जात हे लिहिले नाही तर परीक्षा विभाग ‘सत्रे वेगळी आहेत’ असे उत्तर देऊन फाइल बंद करतो, आणि कागदावर पाहिले तर ते उत्तर चूकही नसते.

अशा वेळी निवेदन दोन टप्प्यांत करणे हिताचे ठरते. वेळापत्रक जाहीर होताच पहिले पत्र द्यायचे. त्यात सीईटी कक्षाच्या परिपत्रकाची प्रत जोडायची आणि महाविद्यालयातील किती विद्यार्थ्यांनी सीईटीचा अर्ज भरला आहे त्याची यादी, अर्जाच्या पावत्यांसह द्यायची. प्रवेशपत्रे आली की दुसरे, पूरक पत्र: यादीतल्या कोणाचा नंबर २ तारखेला लागला, कोणत्या सत्रात, कोणत्या केंद्रावर. यादीचे रकाने साधे असावेत: परीक्षेचा आसन क्रमांक, पेपरचे नाव व सांकेतांक, सीईटीचा अर्ज क्रमांक, तारीख, सत्र, केंद्र. एका महाविद्यालयाच्या यादीत बारा नावे असतील, पण तशाच याद्या वीस महाविद्यालयांतून आल्या तर संचालकांसमोर अडीचशे विद्यार्थ्यांचा, पडताळून पाहता येणारा प्रश्न उभा राहतो. सह्यांची जाडजूड चळत हे काम करू शकत नाही, कारण सही करणाऱ्याचा पेपर खरोखर त्या दिवशी आहे की नाही हे तिच्यावरून कळत नाही.

मागणीही नेमकी हवी. पत्राचा गाभा एवढाच असावा: ‘दि. २ एप्रिलचा पेपर फक्त पुढे घ्यावा, इतर पेपर ठरल्या तारखांना ठेवावेत. त्यासाठी ११ एप्रिल हा दिवस सुचवत आहोत.’ ही तारीख सुचवण्यामागे हिशेब आहे. ३१ मार्चला रमजान ईद होती, १० एप्रिलला महावीर जयंती, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती. पाच तारखेचा शनिवार मोकळा दिसतो, पण मग चार आणि पाच असे सलग दोन पेपर होतात आणि विद्यार्थ्यांपैकीच निम्मे विरोध करतात. ११ तारखेला पेपर घेतला तर परीक्षा फक्त दोन दिवस लांबते आणि निकालाची मुदतही दोनच दिवस पुढे जाते. त्या दिवशी एटीकेटीचा पेपर नाही ना, हे विद्यार्थ्यांनीच वेळापत्रकात पाहून लिहिले तर परीक्षा विभागाचे अर्धे काम झालेले असते. तारीख हलवणे शक्यच नसेल तर दुसरा मार्गही पत्रातच सुचवावा: तो पेपर सर्वांसाठी त्याच दिवशी राहू द्यावा आणि यादीतल्या विद्यार्थ्यांची नंतर विशेष परीक्षा घ्यावी. विद्यापीठाला त्यासाठी वेगळी प्रश्नपत्रिका काढावी लागते, म्हणून संख्या अगदी कमी असेल तर ते याला सहसा तयार होत नाही.

प्रवेश परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने तारीख बदलावी अशीही मागणी होते. तसे घडलेलेही आहे. २०२२ मध्ये जेईई मेनचे पहिले सत्र १६ एप्रिलपासून ठरले होते. बोर्डाच्या परीक्षांशी टक्कर होत असल्याच्या तक्रारी आल्यावर राष्ट्रीय परीक्षा यंत्रणेने ते २१ एप्रिलवर नेले. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची २५ तारखेची पूर्वपरीक्षा आयबीपीएसच्या परीक्षेच्या दिवशीच आली. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले, आयोगाने परीक्षा पुढे ढकलली आणि ती झाली १ डिसेंबरला. तीन महिन्यांहून अधिक काळ सगळ्यांचीच तयारी लांबली. मोठी परीक्षा हलली की तिचे ओझे किती जणांवर पडते हे यातून दिसते.

न्यायालयेही याच कारणाने हात आखडता घेतात. २०२१ ची नीट १२ सप्टेंबरला होती आणि त्याच सुमारास सीबीएसईच्या खासगी व पुरवणी विद्यार्थ्यांचे पेपर होते. नीट पुढे ढकलावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबरला फेटाळली. सोळा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची परीक्षा थोड्यांसाठी हलवता येणार नाही, हा त्यामागचा मुख्य विचार होता. तेव्हा परीक्षेला सहा दिवस उरले होते. विद्यापीठाचा एक पेपर हलवायची मागणी तुलनेने लहान असते, म्हणूनच तिला वाव जास्त आहे. पण उशीर झाला की विद्यापीठही हेच उत्तर देते.

मागणी मान्य झाली की विद्यापीठ सुधारित वेळापत्रकाचे परिपत्रक काढते. ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, क्रमांक आणि तारखेसह असते. परीक्षेच्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर खोट्या परिपत्रकांचा सुळसुळाट असतो, जुन्या परिपत्रकावर नवी तारीख चिकटवलेलीही सापडतात. क्रमांक संकेतस्थळाशी जुळत नसेल तर पेपर ठरल्या दिवशीच आहे असे समजून तयारी ठेवावी. ‘विचार सुरू आहे’ असे तोंडी सांगितले गेले तरी तो निर्णय नव्हे.

मागणी नाकारली गेली तर निवड विद्यार्थ्यालाच करावी लागते आणि ती हिशेबानेच करावी. पेपर चुकला तर निकालात त्या विषयात गैरहजर लागते आणि तो विषय पुढच्या वेळी द्यावा लागतो. पण शेवटच्या सत्रात असे झाले तर पदवीच लांबते, आणि एमबीएच्या प्रवेशाला पदवी पूर्ण झालेली लागते. म्हणजे सीईटी देऊनही ते वर्ष हातचे जाऊ शकते. पुरवणी परीक्षेचा निकाल प्रवेशाच्या कागदपत्र पडताळणीपूर्वी लागतो की नाही, हे परीक्षा विभागाला आणि सीईटी कक्षाला दोघांनाही लेखी विचारून मगच कोणता पेपर सोडायचा ते ठरवावे.