दुरुस्ती कुठे थांबते?

गंगाखेडच्या जनाबाईंच्या अभंगांना संपादकाची लेखणी लागू नये, अशी सोय मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतच आहे: केशवसुतांपूर्वीचे पद्य मुळानुसार छापावे. परभणीत आज लिहिणाऱ्याला हे संरक्षण नाही, म्हणून त्याच्या मजकुराबाबत संपादकाचा विवेकच महत्त्वाचा ठरतो.

समजा, कथेतला मुलगा म्हणतो, ‘माय अजून शेतातच खुरपायलीय, तिला बोलवायला कुनीतरी जायला पाहीजे.’ इथे चूक एकच, ‘पाहीजे’; ते ‘पाहिजे’ करावे. ‘खुरपायलीय’ हे मराठवाड्याचे चालू वर्तमानाचे रूप आहे आणि ‘कुनीतरी’ हा मुलाचा उच्चार. ‘आई अद्याप शेतात खुरपणी करत असून तिला बोलावणे आवश्यक आहे’ असे केले, तर व्याकरण शुद्ध होते, पण बोलणारा मुलगा नाहीसा होतो. पुण्याच्या वाचकाला हे कळेल का, हा आक्षेप रास्त आहे. पण इथे अर्थ संदर्भातून लागतो आणि खरोखर अडलेच, तर समासात लेखकाला प्रश्न लिहावा. निवेदन प्रमाण भाषेत असेल, तर तिथे नियम काटेकोर लावावेत. प्रत्येक बदलाचे कारण नियम दाखवून सांगता आले पाहिजे. ‘असे बरे वाटते’ एवढेच कारण उरले, तर ते पुनर्लेखन आहे. तो बदल मागे घ्यावा.