गोल फिरत असताना काय लिहायचं?

कुकर लावायच्या वेळी किराण्याचं अ‍ॅप अडकलं की माणूस वैतागतो. अशा वेळी पडद्यावर एखादी गमतीची ओळ दिसली तर राग खरंच उतरतो, पण ती ओळ कधी दिसते यावर बरंच अवलंबून असतं.

संगणकाच्या प्रतिसादाबद्दल जेकब नील्सन यांनी 1993 साली मांडलेला हिशेब आजही वापरात आहे. साधारण एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. त्यामुळे पान सेकंदाच्या आत उघडणार असेल तर तिथे काहीच लिहू नये, कारण अर्धवट दिसून गेलेला विनोद नुसता डोळ्यांना खुपतो. त्याहून वेळ लागला तर ‘भाजीवर कढीपत्ता फुकट मिळतो का, विचारतोय’ ही ओळ छान चालते. दहा सेकंद उलटून गेले की मात्र गंमत बाजूला ठेवून सरळ सांगावं: ‘नेट मंद आहे. तुमची यादी जपून ठेवली आहे.’ खरी धास्ती असते ती यादी पुसली जाण्याची. आणि यादी खरोखर जपलेली नसेल, तर हे वाक्य लिहूच नये. आठवड्यातून चारदा मागवणाऱ्याला कढीपत्ता दर वेळी हसवणार नाही, म्हणून ओळी बदलत्या हव्यात.

सर्व्हरवर ताण येऊन 503 ही चूक आली, तर विनोद अ‍ॅपने स्वतःवर करावा, गिऱ्हाइकावर कधीच नाही. ‘आमच्याकडे दिवाळीच्या आदल्या दिवसासारखी झुंबड उडाली आहे. तुमच्या 14 वस्तू जागेवर आहेत. दोन मिनिटांनी पुन्हा पाहा.’ इथे दोष कोणाचा, सामान सुरक्षित आहे का आणि पुढे काय करायचं, हे तिन्ही कळतं. खालच्या बटणावर मात्र साधं ‘पुन्हा पाहा’ एवढंच असावं. बटणावर कोटी केली की बोट अडखळतं.

पैशांच्या पडद्यावर मला एकही विनोद नको. समजा, यूपीआयने 640 रुपये भरले, खात्यातून वजा झाले, पण दुकानाकडे खात्री पोचली नाही. ‘पैसे वाटेत चहाला थांबलेत’ असं वाचून घाबरलेला माणूस पुन्हा पैसे भरतो आणि 1,280 रुपये अडकतात. तिथे लिहायचं ते असं: ‘640 रुपये पोचल्याची खात्री अजून झालेली नाही. पुन्हा पैसे भरू नका. ऑर्डर लागली नाही तर रक्कम त्याच खात्यात परत येईल.’ रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. ही मुदतही पडद्यावर द्यावी.

मजकूर जमला की नाही हे ओळखायला गमतीचे शब्द खोडून उरलेलं वाचावं. काय झालं आणि आता काय करायचं, हे तेवढ्यावरून कळलं नाही, तर ओळ पुन्हा लिहावी.