फोटोवरून भुवयांचा आकार ठरवताना

सव्वीस वर्षांची एक तरुणी मोबाइलमधला सेल्फी दाखवत म्हणाली, "डॉक्टर, उजवी भुवई वर आहे आणि तिचं टोक विरळ आहे. दर वेळी थ्रेडिंग करून सारखी करायला सांगते, पण दोन्ही आणखी बारीक होत जातात."

सेल्फी चेहऱ्याच्या फार जवळून काढलेला असतो. त्यामुळे नाकाजवळचा भाग मोठा दिसतो आणि भुवईचं टोक मागे जाऊन आखूड वाटतं. शिवाय फोटो काढताना अनेकजण नकळत एक भुवई उचलतात. म्हणून खिडकीसमोर, कपाळ सैल सोडून, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरून चार-पाच फुटांवरून दुसऱ्या कोणाला तरी फोटो काढायला सांगा. या तरुणीचा असा फोटो काढल्यावर उंचीतला फरक जवळजवळ नाहीसा झाला. ती सवयीने उजवी भुवई उचलत होती, आणि स्नायूची ही सवय दोऱ्याने बदलत नाही.

आता त्याच फोटोत नाकपुडीच्या बाहेरच्या कडेवर पेन्सिल उभी धरा. भुवई साधारण तिथे सुरू होते. पेन्सिल तिरपी करून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेली की टोक कुठे संपावं याचा अंदाज येतो. कमान बहुधा बुबुळाच्या बाहेरच्या कडेच्या जरा पुढे असते. हा फक्त अंदाज आहे, कारण कमानीचा पाया कपाळाच्या हाडाचा असतो. खालचे केस काढून ती थोडी उठून दिसेल, एवढंच.

थ्रेडिंगमुळे केस मुळापासून निघतात, ट्रिमिंगमुळे फक्त लांबी कमी होते. दोन्हीपैकी कशानेही रिकाम्या जागी केस येत नाहीत. एका बाजूची पोकळी झाकण्यासाठी दुसरी भुवई बारीक करणं हा पार्लरमधला नेहमीचा उपाय, आणि मला तो मुळीच पटत नाही. या तरुणीच्या उजव्या टोकाजवळ लहानपणीच्या पडण्याचा व्रण होता. तिथली त्वचा गुळगुळीत होती, केसांची छिद्रं दिसत नव्हती. तिथे केस परत येणार नाहीत. बाकीच्या भागात मात्र छिद्रं होती, म्हणून तीन-चार महिने थ्रेडिंग पूर्ण बंद करून फक्त लांब केस कात्रीने कापायला सांगितलं. व्रणापुरती आयब्रो पेन्सिल पुरते. मात्र वर्षानुवर्षं उपटलेले केस काही वेळा परत येतच नाहीत.

चेहऱ्याला रेटिनॉइड क्रीम लावत असाल तर पार्लरमध्ये आधी सांगा. नाजूक झालेली त्वचा दोऱ्याने सोलवटते. भुवईत अचानक गोल, गुळगुळीत चट्टा पडला, दोन्हींची बाहेरची टोकं विरळ होत गेली किंवा त्याबरोबर अंगावर बधिर चट्टे आले, तर थ्रेडिंग थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. यामागे अनुक्रमे चाई, थायरॉइडचा विकार किंवा कुष्ठरोग असू शकतो, आणि तिन्हींवर उपचार आहेत.