दिवस नव्हे, रात्री मोजा

तारकर्लीतल्या दोन खोल्यांच्या घरगुती निवासाची वेबसाइट करताना फोटो आणि दर लवकर होतात. खरी कसोटी कॅलेंडरची. पाहुणे 24 डिसेंबरला येऊन 26 ला सकाळी निघणार असतील, तर भरतात 24 आणि 25 या दोनच रात्री. बरेच मालक 26 तारीखही लाल करून ठेवतात आणि ऐन हंगामात त्या रात्रीचं भाडं गमावतात. म्हणून कॅलेंडरमध्ये येण्याची तारीख धरायची, जाण्याची सोडायची.

चौकशी म्हणजे आरक्षण नव्हे. चौकशी आली की त्या रात्री पिवळ्या कराव्यात, आगाऊ रक्कम मिळाली की लाल. किती तास वाट पाहणार, हे पाहुण्यांना आधीच सांगावं, नाहीतर पिवळ्या तारखा अडकून पडतात.

तीच खोली एअरबीएनबीवरही असेल तर दोन्ही कॅलेंडरं आयकॅल दुव्यानं जोडता येतात. पण ती जुळायला काही तास लागू शकतात आणि तेवढ्यात एकच खोली दोघांना दिली जाते. गर्दीच्या दिवसांत आगाऊ रक्कम येताच दुसरीकडची तारीख स्वतः हातानं बंद करा.