सरकत्या वर्षाचा हिशेब : यूट्यूबवरील कमाईच्या पात्रतेचा मागोवा

यूट्यूबने २००७ मध्ये पार्टनर प्रोग्रॅम, म्हणजे व्हिडिओपुढे दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नात चॅनेल चालवणाऱ्याला वाटा देण्याची योजना, सुरू केली तेव्हा पात्रतेसाठी कोणताही ठरलेला आकडा नव्हता; मोजक्या लोकप्रिय चॅनेलांना निवडून घेतले गेले आणि त्यानंतर अर्ज मागवताना व्हिडिओ स्वतःचे असावेत, ते नियमित टाकलेले असावेत व त्यांना बऱ्यापैकी प्रेक्षक असावा, एवढ्याच ढोबळ कसोट्या लावल्या गेल्या. २०१२ मध्ये हे दार बरेच सैल झाले आणि नियमांत बसणारा एखादा व्हिडिओ असला तरी त्यावर जाहिराती लावता येऊ लागल्या. त्याच वर्षी, पात्रतेशी तेव्हा काहीच संबंध नसलेला, पण पुढे तिचा पाया ठरलेला आणखी एक बदल झाला. शोधात व शिफारशींत कोणता व्हिडिओ वर आणायचा हे ठरवताना तो किती वेळा उघडला गेला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला यूट्यूबने अधिक वजन दिले, कारण भडक चित्र आणि फसवा मथळा लावून व्हिडिओ उघडायला लावणे सोपे असले तरी प्रेक्षकाला दहा मिनिटे धरून ठेवणे तितके सोपे नसते.

आकड्याची पहिली अट आली ती एप्रिल २०१७ मध्ये. इतरांचे व्हिडिओ जसेच्या तसे उचलून नवे चॅनेल उघडायचे आणि त्यावर जाहिरातींचा पैसा कमवायचा, हा उद्योग तोपर्यंत बोकाळला होता. शिवाय आपल्या जाहिराती अतिरेकी आशयाच्या व्हिडिओंपुढे दिसत असल्याचे उघड झाल्यावर त्याच वसंतात अनेक मोठ्या कंपन्यांनी यूट्यूबवरील जाहिराती थांबवल्या होत्या. म्हणून चॅनेलला एकूण १०,००० व्ह्यूज मिळेपर्यंत जाहिराती लागणार नाहीत आणि त्यानंतर चॅनेलची तपासणी होईल, असे ठरले. ही मोजणी चॅनेलच्या संपूर्ण आयुष्याची होती. एकदा दहा हजारांचा टप्पा ओलांडला की तो कायमचा ओलांडला. तिची दुबळी बाजूही इथेच होती, कारण व्ह्यू ही बनावट रीतीने फुगवायला सर्वांत स्वस्त गोष्ट आहे आणि एकच चोरलेला व्हिडिओ चालला तरी दहा हजारांची अट काही दिवसांत पुरी होत असे.

ती अट वर्षभरही टिकली नाही. १६ जानेवारी २०१८ रोजी यूट्यूबने नवी कसोटी जाहीर केली : किमान १,००० सबस्क्रायबर, म्हणजे चॅनेल स्वेच्छेने जोडून घेतलेले खातेदार, आणि मागील बारा महिन्यांत किमान ४,००० तास पाहणी. जुन्या चॅनेलांनाही सवलत नव्हती. २० फेब्रुवारीपर्यंत जे या रेषेखाली राहिले त्यांची कमाई बंद झाली. अशा चॅनेलांपैकी ९९ टक्के चॅनेल मागील वर्षभरात शंभर डॉलरपेक्षा कमी कमावत होते, असा खुलासा यूट्यूबने केला. आर्थिकदृष्ट्या तो बिनतोड असला, तरी छोट्या चॅनेलांच्या दुःखाशी त्याचा फारसा संबंध नव्हता, कारण त्यांनी गमावली होती ती मुख्यतः रक्कम नव्हे, तर मॉनेटाइज झालेले चॅनेल ही ओळख. शिवाय नोव्हेंबर २०२० मध्ये बदललेल्या अटींनुसार पार्टनर नसलेल्या चॅनेलांवरही जाहिराती दाखवण्याचा हक्क यूट्यूबने स्वतःकडे घेतला, तेव्हा रेषेखालच्या व्हिडिओवर जाहिरात असू शकते, फक्त तिच्यातला वाटा व्हिडिओ करणाऱ्याला मिळत नाही, अशी स्थिती निर्माण झाली.

२०१८ च्या बदलातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘हजार’ नसून ‘मागील बारा महिने’ हा आहे. हे कॅलेंडरचे वर्ष नव्हे, आर्थिक वर्षही नव्हे. आजपासून मागे ३६५ दिवस, आणि उद्या ते एका दिवसाने पुढे सरकलेले. रोज नव्या दिवसाची पाहणी बेरजेत येते आणि वर्षापूर्वीच्या त्याच तारखेची पाहणी वजा होते. त्यामुळे यूट्यूब स्टुडिओतील Earn या पानावरचा तासांचा आकडा काल होता त्यापेक्षा आज कमी दिसला, तर त्यात चूक किंवा कारस्थान असेलच असे नाही. बहुतेक वेळा गेल्या वर्षीचा एखादा चांगला दिवस हिशेबातून गळालेला असतो. सबस्क्रायबरांना मात्र अशी मुदत नाही. तिथे चॅनेल सोडून गेलेली, तसेच बंद झालेली व बनावट ठरलेली खातीच वजा होतात.

मराठी चॅनेलांच्या बाबतीत, जिथे बराच प्रेक्षक सणांच्या मागे येतो, हे सरकते वर्ष कसे वागते ते एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. गणपतीसाठी कागदी मखर कसे करावे, हे दाखवणारे एक चॅनेल आहे आणि त्याचा व्हिडिओ चतुर्थीच्या अठरा दिवस आधीपासून विसर्जनापर्यंत पाहिला जातो, असे धरू. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, म्हणजे पाहणी २० ऑगस्टपासून सुरू झाली. या हंगामात ४०,००० वेळा, दर वेळी सरासरी चार मिनिटे पाहणी झाली, तर १,६०,००० मिनिटे, म्हणजे सुमारे २,६६७ तास होतात. उरलेल्या काळात इतर व्हिडिओंचे मिळून १,१०० तास जमले, तर २०२५ च्या ऑगस्टच्या आरंभी बेरीज ३,७६७ वर येते आणि २३३ तास कमी पडतात. २०२५ ची चतुर्थी मात्र २७ ऑगस्टला, अकरा दिवस आधी आली. त्यामुळे नवी पाहणी ९ ऑगस्टपासून सुरू होते, पण मागील हंगामाचे तास गळायला २० ऑगस्ट उजाडावा लागतो. मधल्या अकरा दिवसांत दोन्ही गणपती एकाच बेरजेत बसतात आणि चार हजारांची रेषा ओलांडली जाऊ शकते. ती ओलांडल्याबरोबर अर्ज करणे शहाणपणाचे, कारण एकदा अर्ज गेल्यावर आकडा पुन्हा खाली आला तरी तपासणी थांबत नाही. जे चॅनेल तेव्हा चुकेल त्याला २०२६ ची वाट पाहण्यात फायदा नाही, कारण अधिक ज्येष्ठामुळे त्या वर्षी चतुर्थी १४ सप्टेंबरला गेली आहे : जुने तास ९ ऑगस्टपासून गळू लागतील आणि नवे येतील ते २७ ऑगस्टपासून. तारखा मोजणारी यंत्रणा तिथी जाणत नाही.

बेरजेत काय धरले जाते, हाही चुकांचा मोठा मुलूख आहे. केवळ सार्वजनिक व्हिडिओंची वैध पाहणी मोजली जाते. खासगी केलेल्या, केवळ दुवा असणाऱ्यांनाच दिसणाऱ्या किंवा काढून टाकलेल्या व्हिडिओंचे तास हिशेबात राहत नाहीत, आणि पैसे भरून जाहिरात म्हणून चालवलेल्या व्हिडिओची त्या जाहिरातीतली पाहणीही धरली जात नाही. जुने व्हिडिओ ओबडधोबड वाटतात म्हणून अर्जापूर्वी चॅनेलची झाडलोट करणारा माणूस आपलेच तास कचऱ्यात टाकत असतो. थेट प्रक्षेपणाचेही तसेच : कीर्तनाचे किंवा कुस्तीच्या फडाचे तीन तासांचे प्रक्षेपण नंतर सार्वजनिक ठेवले तर त्याचे तास टिकतात, खासगी केले तर जातात.

२०२० च्या जूनअखेर भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स हा उभ्या, छोट्या व्हिडिओंचा प्रकार भारतातच प्रथम आणला, तेव्हा तासांची मोजणी अपुरी पडू लागली. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओला लाखो व्ह्यूज मिळूनही चार हजार तासांकडे पाऊल पडत नसे, कारण शॉर्ट्सच्या फीडमधील पाहणी त्या तासांत धरलीच जात नाही. २०२३ च्या आरंभी यावर तोडगा म्हणून दुसरी वाट खुली झाली : १,००० सबस्क्रायबर आणि मागील ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी वैध व्ह्यूज, म्हणजे रोज सरासरी एक लाख अकरा हजारांहून अधिक. दोन्ही वाटा स्वतंत्र आहेत; दोन हजार तास आणि पन्नास लाख व्ह्यूज मिळून पात्रता पुरी होत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये काही देशांत खालची पायरी बसवली गेली आणि पुढे ती भारतासह इतरत्र आली. तिथे ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन सार्वजनिक व्हिडिओ आणि ३,००० तास किंवा शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज पुरतात. पण तेथून मिळतो तो प्रेक्षकांनी थेट दिलेला पैसा, जसे सशुल्क सदस्यत्व, जाहिरातींतला वाटा नव्हे. मार्च २०२५ अखेर शॉर्ट सुरू होताच व्ह्यू धरण्याची पद्धत आली, तरी पात्रतेसाठी जुन्या, अधिक कडक रीतीने मोजलेले व्ह्यूजच ग्राह्य राहिले. त्यामुळे व्हिडिओखाली दिसणारा आकडा आणि अर्जाच्या पानावरचा आकडा जुळत नाहीत.

जमेच्या या बाजूसमोर खर्चाची बाजू म्हणजे स्ट्राइक, अर्थात समुदाय नियमांच्या उल्लंघनाची नोंद. फेब्रुवारी २०१९ पासून पहिल्या चुकीला केवळ इशारा मिळतो. त्यानंतरच्या पहिल्या स्ट्राइकला एक आठवडा आणि दुसऱ्याला दोन आठवडे व्हिडिओ टाकता येत नाही, आणि ९० दिवसांच्या आत तिसरा आला तर चॅनेल बंद होते. हे ९० दिवसही प्रत्येक स्ट्राइकचे वेगळे चालतात. १ मार्चचा स्ट्राइक ३० मे रोजी आणि १ एप्रिलचा ३० जून रोजी संपतो. मग तिसरी चूक २५ मे रोजी झाली तर चॅनेल जाते, ५ जून रोजी झाली तर तो हिशेबाने दुसराच स्ट्राइक ठरतो. आक्षेपार्ह व्हिडिओ घाईने काढून टाकल्याने स्ट्राइक पुसला जात नाही, आणि तो चालू असेपर्यंत पार्टनर होण्याची अट पुरी होत नाही, मग तास कितीही असोत. त्या तीन महिन्यांत तिकडे सरकते वर्ष तास गाळतच राहते, त्यामुळे हंगामी चॅनेलला एका स्ट्राइकची किंमत कधी कधी अख्ख्या वर्षाने मोजावी लागते. कॉपीराइटचे स्ट्राइक वेगळ्या खात्यात मोजले जातात, आणि गाण्याच्या स्वयंचलित ओळखीतून येणारा क्लेम, ज्यात बहुधा उत्पन्न गाण्याच्या मालकाकडे जाते, हा स्ट्राइक नसतोच. या दोहोंची गल्लत मात्र नेहमी होते.

सर्व आकडे जुळले आणि स्ट्राइक एकही नसला, तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो, कारण आकडे फक्त तपासणीच्या रांगेत उभे करतात. तपासणीत चॅनेलचा मुख्य विषय, सर्वाधिक पाहिलेले व नवे व्हिडिओ, मथळे आणि चित्रे पाहिली जातात. दुसऱ्याचे तुकडे जोडून केलेला, किंवा एकाच साच्यातून काढलेला मजकूर आढळला की नकार येतो. या दुसऱ्या प्रकाराला जुलै २०२५ पासून ‘अस्सल नसलेला आशय’ असे नाव मिळाले. पहिल्या नकारानंतर ३० दिवसांनी पुन्हा अर्ज करता येतो, त्यापुढच्या नकारांना ९० दिवस थांबावे लागते. एकदा आत घेतल्यावर मात्र तास चार हजारांच्या खाली घसरले म्हणून कोणी आपोआप बाहेर जात नाही. सहा महिने किंवा अधिक काळ चॅनेलवर काहीच टाकले नाही आणि आकडाही खाली गेला, तरच यूट्यूब कमाई काढून घेण्याचा आपला हक्क राखून ठेवते.