बारीक ठिपक्यासाठी आधी रुंद शलाका

अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ साली चंद्रावर परावर्तक ठेवला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेने लेसरचा प्रकाश तिकडे सोडून परत आलेली चमक टिपली. हा प्रकाश पाठवायलाही वेधशाळेची तीन मीटर व्यासाची दुर्बीण वापरली होती. लेसरची शलाका मुळातच बारीक असताना एवढं मोठं तोंड कशाला?

उत्तर प्रयोगशाळेतल्या साध्या हेलियम-निऑन लेसरमध्ये सापडतं. त्याची लाल शलाका कुठेतरी सर्वांत अरुंद असते. ती तिची कंबर. मधोमध प्रखर असलेला हा प्रकाश कडेकडे विरत जातो, त्याला ठळक काठ नसतो. म्हणून तीव्रता मध्याच्या साडेतेरा टक्क्यांवर येते तिथवरचं अंतर त्रिज्या धरायचं. समजा, कंबरेची त्रिज्या ०.४ मिलिमीटर आहे. पहिले ८० सेंटिमीटर शलाका फारशी फुगत नाही; त्या टोकाला त्रिज्या जेमतेम १.४ पट होते. बरंच पुढे गेल्यावर मात्र ती दर मीटरला अर्धा मिलिमीटर वाढते. हीच शलाका थेट चंद्रावर सोडली, तर तिथे तिची त्रिज्या सुमारे १९० किलोमीटर होईल!

या पसरण्याचा कोन तरंगलांबीला π आणि कंबरेची त्रिज्या यांच्या गुणाकाराने भागलं की मिळतो. कंबर दुप्पट रुंद, तर कोन निम्मा. दुर्बिणीच्या मोठ्या तोंडाचं कारण हे. अर्थात वातावरणाची थरथर आपला वाटा घेतेच, त्यामुळे मोठ्या दुर्बिणीतूनही चंद्रावरचा ठिपका किलोमीटरच्या घरात जातो.

भिंगाने शलाका एकवटतानाही हिशेब तोच, फक्त उलट्या दिशेने. वरच्या लेसरच्या कंबरेपाशी १० सेंटिमीटर नाभीय अंतराचं भिंग ठेवलं, तर नवी कंबर सुमारे ५० मायक्रोमीटर त्रिज्येची होते. किरणांच्या आकृतीत दिसणारा बिंदू प्रत्यक्षात कधीच मिळत नाही. ठिपका आणखी लहान हवा असेल, तर शलाका आधी पाच पट रुंद करून त्याच भिंगावर सोडायची. मग तो १० मायक्रोमीटरवर येतो. किंमत मात्र मोजावी लागते. ठिपका बारीक राहण्याची खोली पंचविसाव्या हिश्शावर येते: कंबरेच्या दोन्ही बाजूंना आधी १२ मिलिमीटर होती, ती आता जेमतेम अर्धा मिलिमीटर. नमुना तेवढा जरी सरकला, तरी ठिपका फुगतो.

शलाका भिंगाच्या कडेला कापली गेली, तर ठिपक्याभोवती फिकट कडी दिसतात. गोलीय दोषाचं भिंग किंवा अशुद्ध शलाका असेल, तर ठिपका हिशेबापेक्षा मोठाच निघतो. तपासायला दाढीचं पातं पुरतं. ते शलाकेत हळूहळू आडवं सरकवायचं आणि पलीकडच्या पॉवर मीटरवर ८४ टक्क्यांपासून १६ टक्क्यांपर्यंत उतरायला पातं किती सरकलं ते मोजायचं. ते अंतर म्हणजेच त्या जागची त्रिज्या.